जबानी कोणाची?

धुळ्यात, जेथे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद जतन करीत आले आहे, अस्सल आणि नक्कल यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर माझ्यापुढे येतो, तेव्हा मूळ उतारा बाजूस ठेवून मी त्याच्या प्रतीवरच हात चालवितो.

जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्या अधिवेशनाला बालपणी गेलेल्या एका वृद्धाच्या जुन्या मुलाखतीचा उतारा माझ्याकडे आला, तो असा:

```
[00:12:40] फैजपूरला कसे गेलात तुम्ही
[00:12:44] मी तव्हा लहान व्हतो
[00:12:47] वडिलांसोबत
[00:12:49] बैलगाडीनं
[00:12:52] हो
[00:12:54] गाडीच व्हती
```

वेळेची नोंद दर दोन-चार सेकंदांनी वाक्याचे तुकडे पाडते आणि बोलणारा कोण हे मात्र सांगत नाही; यास्तव एकाच माणसाचे सलग तुकडे जोडून एक परिच्छेद करावा, आरंभी सर्वत्र एकाच रूपात त्याची ओळख लिहावी, आणि पहिल्या तुकड्याची वेळ तेवढी राखावी, म्हणजे शंका आल्यास ध्वनिफितीतील ती जागा सापडते. या रीतीने मी दुसरीपासून सहावीपर्यंतच्या ओळी त्या आजोबांच्या नावे जोडल्या, आणि परिच्छेद सुरेख वाहू लागला.

परंतु फेरवाचनात ‘हो’ हा शब्द खटकला. स्वतःच्याच विधानाला कोणी रुकार देत नाही. फीत पुन्हा ऐकली, तेव्हा ‘बैलगाडीनं’ हा शब्द चढत्या सुरातला, मुलाखतकाराचा, प्रश्न म्हणून उच्चारलेला निघाला; उताऱ्यात विरामचिन्ह नसल्यामुळे तो सूर कागदावर उरलाच नव्हता. दुरुस्त प्रत अशी झाली:

```
मुलाखतकार [00:12:40]: फैजपूरला कसे गेलात तुम्ही?
आजोबा [00:12:44]: मी तव्हा लहान व्हतो. वडिलांसोबत.
मुलाखतकार [00:12:49]: बैलगाडीनं?
आजोबा [00:12:52]: हो. गाडीच व्हती.
```

ऐकणाऱ्याचा नुसता ‘हं’ बोलण्याच्या ओघात आला, तर त्यासाठी मी परिच्छेद तोडत नाही. पण जो ‘हो’ प्रश्नाचे उत्तर आहे, तो कितीही लहान असला तरी स्वतंत्र राहतो. एकरूपता आणावयाची ती नावांत, विरामांत आणि वेळेच्या मांडणीत. ‘व्हतो’चे ‘होतो’ करण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती आजोबांची बोली आहे.

पहिल्या प्रतीत बैलगाडी आजोबांच्या स्मृतीतून आपण होऊन आली होती. दुसरीत ती विचारणाऱ्याने सुचविली आणि आजोबांनी मान्य केली. इतिहासाच्या दप्तरात या दोन जबान्यांचे मोल सारखे नाही. म्हणून ज्या ओळीचा धनी ऐकूनही निश्चित होत नाही, तिच्यापुढे ‘वक्ता अस्पष्ट’ एवढेच लिहावे. अंदाजाने कोणाचे नाव घालू नये.