पडद्यामागचं दीड मिनिट

तिच्या गावच्या शाळेत गॅदरिंगचं सूत्रसंचालन मराठीचे सर पाठकोऱ्या कागदांवर लिहून काढत, आणि माइकवर ते म्हणायचं काम तिच्याकडे असे. प्रत्येक नाचाआधी एक चारोळी ठरलेली; तिच्यात चांदणं नाहीतर पाऊस हटकून यायचा. समोर बसलेले सगळे गावातलेच. कोळीण कुणाची मुलगी झालीय, हे पडदा उघडायच्या आधीच त्यांना ठाऊक. सांगण्यासारखं काही उरलेलं नसताना चारोळी हौसेने ऐकली जाई, आणि तिथे ती शोभायचीही.

शिक्षिका झाल्यावर ती चाकणच्या बाजूला आली. वाहनांच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात देशभरातली कुटुंबं राहायला आली आहेत. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे तिच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वासुदेव होणारा मुलगा मल्याळी घरातला असतो आणि लेझीम खेळणारी मुलगी ओडिया. संहिता मराठीतच असते. पाहुण्या पालकांसाठी मध्येमध्ये थोडं इंग्रजी द्यावं, असं शाळेने ठरवलं आणि तेही काम तिच्याकडेच आलं.

त्या इंग्रजीला वेळ कुठून काढायचा, हा पहिला प्रश्न. निवेदक बोलत असतो तेव्हा पडद्यामागे एक गट बाहेर पडतो, दुसरा आत येतो, कुणी झोपडीचा कटआउट उभा करतं. रंगीत तालमीत ती घड्याळ लावून बसते. चाळीस मुलांच्या अदलाबदलीला साधारण दीड मिनिट लागतं. ठाशीव बोलणारा नववीतला मुलगा मिनिटाला शंभरेक शब्द म्हणतो, म्हणजे हातात शब्द दीडशे. त्यातले चाळीस इंग्रजीला दिले की चारोळीला जागा राहत नाही. तिने ती काढली आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही. ‘नयनरम्य’, ‘बहारदार’ यांच्या जागी कोणती इयत्ता, कोणता प्रकार आणि त्यात काय बघायचं, एवढं आलं. मराठी पालकही मग जास्त लक्ष देऊन ऐकू लागले, कारण शहरात वाढलेल्या कित्येकांनी वासुदेव दारात आलेला पाहिलेलाच नाही.

दुसरी अडचण साउंडवाल्याची. ‘सादर आहे’ हे शब्द कानावर पडले की तो ट्रॅक सोडतो. मराठी निवेदन संपवून मग इंग्रजी म्हटलं, तर ते ढोलकीखाली बुडतं आणि पाहुणे पालक एकमेकांकडे बघत राहतात. म्हणून तिच्या कार्डावर क्रम असा असतो: आधी मराठी निवेदन, मग इंग्रजी, आणि शेवटी पुन्हा मराठीत एकच ओळ, ‘सादर आहे भारूड’. दर कार्यक्रमाला वेगळं कार्ड. क्रम ऐनवेळी बदलतोच. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर बक्षीस वितरण पुढे ढकललं जातं. त्यामुळे ‘यानंतर’, ‘आत्ताच आपण पाहिलं’ असे शब्द ती कार्डावर येऊ देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एकनाथांच्या विंचवाच्या भारुडावर. मराठी निवेदनात नाथांचं नाव पुरतं. विंचू म्हणजे काम-क्रोध, हे प्रेक्षकांतल्या आजोबांना वेगळं सांगावं लागत नाही. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं तर पाहुण्यांच्या हाती फक्त विंचू चावून ओरडणारा माणूस लागेल. म्हणून इंग्रजी तिने वेगळंच लिहिलं. निवेदन करणारी मुलगी ते पाठांतरासाठी देवनागरीत उतरवून घेते: ‘अ मॅन क्राइज दॅट अ स्कॉर्पिअन हॅज स्टंग हिम. प्लीज लाफ. बट द स्कॉर्पिअन इज हिज ओन डिझायर अँड अँगर. सेंट एकनाथ रोट धिस इन द सिक्स्टींथ सेंच्युरी.’ वाक्यं आखूड, क्रियापदं सोपी. मराठीत नसलेली एक सूचना इथे मुद्दाम आहे: हसा. संतांचं नाव ऐकलं की नवखे पालक हात जोडून गंभीर बसतात, आणि समोरून हशा आला नाही की सोंग काढणारा मुलगा गडबडतो.

हे इंग्रजीही सगळ्यांपर्यंत पोचत नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगार पालकांना हिंदी जवळची. तिसरी भाषा घातली तर दीड मिनिट पुरत नाही, आणि ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. तेव्हा इयत्ता आणि तुकडी तेवढी ती हिंदीतही घ्यायला लावते. आपलं मूल कधी येणार, हे कळलं की पालक मोबाइल वेळेवर काढतात.

आभाराचं कार्ड मात्र ती पूर्ण मराठीत ठेवते; लांबलचक नावांची यादी इंग्रजीत पुन्हा ऐकायला कुणी थांबत नाही. त्याच्याखाली तिन्ही भाषांत एक सूचना असते, आणि ती राष्ट्रगीताच्या आधीच वाचायची, कारण नंतर सगळे एकदम उठतात: पहिली ते चौथीची मुलं तळमजल्यावरच्या वर्गांत बसवली आहेत, पालकांनी ओळखपत्र दाखवून मागच्या दाराने घेऊन जावं.