बारा माणसं आणि चौदा दिवस

मंडळी, बरेच दिवस इथे फिरकले नाही म्हणून काहींनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. मे महिनाभर मी नातवाच्या 'परीक्षा' विभागात नोकरीला होते, बिनपगारी! त्याचीच ही हकिकत.

झालं असं, की आमच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने माझ्याकडून पावकी, निमकी, सव्वाकी, दीडकी, औटकी असे सगळे जुने पाढे लिहून घेतले आणि त्यांचं एक अ‍ॅप केलं. पडद्यावर 'सोळा औट किती?' असा प्रश्न येतो, आपण ५६ लिहायचं, बरोबर असेल तर घंटा वाजते. मला वाटलं, झालं की, आता टाकायचं प्ले स्टोअरवर. शाळा जूनमध्ये उघडायच्या आत मुलांच्या हातात पडलं म्हणजे झालं.

"आजी, असं नसतं. आधी बारा माणसं लागतात," नातू म्हणाला.

नियम असा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी प्ले कन्सोलवर वैयक्तिक खातं उघडलं, त्यांना अ‍ॅप थेट सगळ्यांसाठी खुलं करता येत नाही. आधी 'क्लोज्ड टेस्टिंग' करावं लागतं, म्हणजे आपण निवडलेल्या लोकांनाच अ‍ॅप द्यायचं. त्यात निदान बारा परीक्षक सलग चौदा दिवस सामील असले पाहिजेत. पूर्वी हा आकडा वीस होता, डिसेंबर २०२४ मध्ये बारा झाला. त्यानंतर अर्ज करायचा, आणि तो मंजूर झाला की अ‍ॅप खुलं करायला मिळतं. 'इंटर्नल टेस्टिंग' म्हणून अजून एक पायरी असते, ती घरातल्या घरात पटकन बघायला छान. पण तिचे दिवस या चौदात धरत नाहीत. नातवाचा पहिला आठवडा तिथेच गेला होता आणि तो फुकटच गेला म्हणायचा.

माणसं जमवायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, बारा माणसं म्हणजे काय! आमच्याकडे साध्या केळवणाला तीस होतात. मी पंधरा नावं काढली. पण भाचा आणि भाचेसून दोघेही आयफोनवाले निघाले, त्यांच्या फोनवर हे अ‍ॅप चालणारच नाही. मावसबहीण "हो हो" म्हणत राहिली, पण दुव्यावर काही गेली नाही. उरले बरोबर बारा.

सामील व्हायची रीत तशी सोपी आहे, पण तिच्यात एक खोच आहे. नातवाने सगळ्यांचे ई-मेल पत्ते कन्सोलमधल्या यादीत घातले आणि सगळ्यांना एक दुवा पाठवला. दुवा उघडला की `Become a tester` असं बटण दिसतं. ते दाबलं की आपलं नाव लागलं, मग तिथूनच प्ले स्टोअरवर जाऊन अ‍ॅप उतरवायचं. खोच ही, की ज्या पत्त्याचं नाव यादीत आहे, त्याच खात्याने दुवा उघडला पाहिजे आणि फोनवरच्या प्ले स्टोअरलाही तेच खातं हवं. आमच्या वन्संच्या फोनवर त्यांच्या मुलाचं खातं होतं. त्यांनी मला त्यांचा पत्ता दिला, दुवा मुलाच्या खात्यात उघडला, आणि "तुमचं अ‍ॅप सापडतच नाही हो" म्हणून दोन दिवस माझ्यावर रागावल्या. म्हणून माणसाला "तुमचा ई-मेल कोणता?" असं विचारू नये. "प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या गोल चित्राला बोट लावा आणि तिथे दिसतो तो पत्ता वाचून दाखवा" असं सांगावं.

१२ मे २०२५ रोजी बारावं नाव लागलं आणि दिवस मोजायला सुरुवात झाली. मी शाळेतल्या सवयीने वही केली. डावीकडे नावं, उजवीकडे तारखा. रोज संध्याकाळी दोघातिघांना फोन करायचा. सगळ्यांचं उत्तर एकच, "छान आहे हो, मस्त केलंय!" माझी एक जुनी सहकारी आहे, एकाच शाळेत आम्ही पंचवीस वर्षं काढली. ती गणित शिकवायची, मी मराठी. औटकी मला तिनेच नीट सांगितली होती. तीसुद्धा रोज "छान आहे" एवढंच म्हणायची. खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जी बाई वहीतली एक चूक सोडायची नाही, ती आठ दिवस नुसतं छान कसं म्हणेल?

नवव्या दिवशी सकाळी नातवाने कन्सोल उघडला, तर बाराचे अकरा झालेले. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं तरी नाव जात नाही. नाव जातं ते त्या दुव्याच्या पानावरून. एकदा सामील झालं, की त्याच पानावर `Leave the program` असं बटण येतं, आणि कुणीतरी ते दाबलं होतं. मी वही घेऊन एकेकाला फोन लावले. सहकारीण म्हणाली, "अगं, मीच बाहेर पडले."

मी तडक तिच्याकडे गेले. चहा झाल्यावर तिने सांगितलं. तिला अ‍ॅपमध्ये पहिल्या प्रश्नाच्या पुढे जाताच येत नव्हतं. आठ दिवस ती रोज उघडायची, उत्तर लिहायची, आणि पुढे काय करायचं ते कळायचं नाही. "मला वाटलं, आता आपल्याला जमत नाही. माझ्यामुळे तुझ्या नातवाचं बिघडायला नको, म्हणून निघाले. तुला कसं सांगू? उगाच तुला वाईट वाटायचं."

मी तिचा फोन हातात घेतला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून तिच्या मुलीने फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. प्रश्न मोठा, उत्तराची चौकट मोठी, आणि 'पुढे' हे बटण? ते पडद्यावर नव्हतंच. अक्षरं वाढली तशी बटण खाली ढकललं जाऊन पडद्याबाहेर गेलं होतं, आणि पान वरखाली सरकत नव्हतं. तिला जमत नव्हतं असं नव्हतंच. दाबायला बटणच नव्हतं!

नातवाचा फोन बारीक अक्षराचा, त्याच्या मित्रांचाही. त्यांना हे जन्मात दिसलं नसतं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तो आधी खट्टू झाला, मग त्याने स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं केलं आणि अ‍ॅपचं एकेक पान उघडून पाहिलं. तीन पानांवर तीच रड होती. दुरुस्ती तशी छोटी निघाली. मजकूर सरकता केला आणि बटण खालच्या कडेला कायमचं बसवलं.

मग मी बाकीच्या दहा जणांना पुन्हा फोन केले. पण या वेळी "कसं वाटलं?" असं विचारलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत करतात तसं प्रत्येकाला एक काम दिलं. "दीडकी उघडा, पाच प्रश्न सोडवा, आणि कुठे थांबलात ते मला सांगा." 'छान'च्या जागी लगेच वेगळी उत्तरं यायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, "मी बरोबर उत्तर लिहिते तरी चूक म्हणतं." त्या मराठी कळफलक वापरतात. त्या ५६ लिहायच्या मराठी आकड्यांत, आणि अ‍ॅपमध्ये उत्तर साठवलेलं होतं इंग्रजी आकड्यांत. दोन्हींची तुलना अक्षराला अक्षर अशी होत होती, त्यामुळे जुळेना. मराठी पाढ्यांचं अ‍ॅप आणि मराठी आकडा चालत नाही! नातवाने कपाळाला हात लावला.

प्रश्न आता दिवसांचा होता. दुरुस्त केलेलं अ‍ॅप त्याच परीक्षकांना पाठवलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. फक्त नव्या आवृत्तीचा क्रमांक आधीपेक्षा मोठा द्यावा लागतो. पण जो बाहेर पडला तो परत आला, तर त्याचे चौदा दिवस नव्याने सुरू होतात. म्हणजे अकरा जणांचे नऊ झाले होते आणि एकीचा शून्य. शाळा उघडायच्या आत होणं आता कठीण दिसत होतं.

तेव्हा नातू जरा चाचरत म्हणाला, "आजी, पैसे देऊन बारा परीक्षक मिळतात. नुसती नावं लावतात, चौदा दिवस ठेवतात. यापुढे कुणी गळायची भीती नाही." मी रागावले नाही, त्याची घाई मला कळत होती. मी एवढंच विचारलं, "त्या बारांपैकी कुणाच्या फोनवर बटण दिसेनासं झालं असतं रे?" त्याने विषय काढला नाही पुन्हा. शिवाय शेवटच्या अर्जात विचारतातच, परीक्षक कसे मिळवले, त्यांनी अ‍ॅप कसं वापरलं, काय सांगितलं, आणि तुम्ही काय बदललं. नुसती नावं लावली असती तर तिथे काय लिहिणार? आणि परीक्षकांनी अ‍ॅप वापरलेलंच दिसत नसेल, तर अजून चाचणी करा म्हणून अर्ज परतही येऊ शकतो.

२१ मे रोजी मी सहकारिणीच्या शेजारी बसून तिला पुन्हा सामील करून घेतलं. त्याच दिवशी आणखी तिघांना घेतलं, कारण बाराला बारा ठेवणं हाच पहिला वेडेपणा होता. शाळेच्या सहलीला आपण बसमध्ये दोन जागा जास्तच धरायचो ना? तसं. ५ जूनला अर्ज भरला. सगळी उत्तरं माझ्या वहीतून उतरवली. कोणी कुठल्या तारखेला काय सांगितलं, सगळं होतं तिथे. आठवड्याच्या आत मंजुरीची ई-मेल आली.

वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला "समजलं का?" विचारलं की तो "हो बाई" म्हणायचा. पस्तीस वर्षं शिकवून मला हे ठाऊक होतं, की त्या 'हो'वर पुढचा धडा घ्यायचा नसतो, त्याला फळ्यापाशी बोलवायचं असतं. निवृत्त झाल्यावर विसरले होते. आणि हेही, की आमच्या वयाची माणसं अडली की यंत्राला दोष देत नाहीत, स्वतःला देतात आणि गुपचूप बाहेर पडतात.

सहकारिणीचा काल फोन आला होता. "अडीचकीत एक उत्तर चुकलंय," म्हणाली. तपासलं, तर चूक माझीच. मी लिहून देताना चुकले होते.

असो. तुमच्यापैकी ज्यांचा अँड्रॉइड फोन आहे त्यांनी पुढच्या वेळी तयार राहा. नातू आता म्हणींचं काहीतरी करतोय. फक्त "छान आहे" म्हणायचं नाही, ही एकच अट.