बॉम्ब नाही, गळका नळ

अलास्कातल्या एका गोठलेल्या तळ्यावर एक शास्त्रज्ञ बाई बर्फाला भोक पाडतात, ज्योत जवळ नेतात आणि भक्कन आगीचा लोळ उठतो. केटी वॉल्टर अँथनी यांचा हा व्हिडिओ माझ्या मावसबहिणीने मला पाठवला. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाली लिहिलं होतं, ‘दादा, बॉम्बची वात पेटलीच आहे. आता कार्बन कमी करून काय उपयोग?’

तिला मी जे समजावलं, ते इथे लिहितोय.

सलग किमान दोन वर्षं गोठलेली राहते ती जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. सैबेरिया, अलास्का, कॅनडा इथे तिच्यात हजारो वर्षांची मुळं, गवत, प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. या प्रदेशाच्या मातीत अंदाजे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. जमीन वितळली की जिवाणू हे सगळं कुजवू लागतात. माती कोरडी असेल तर प्राणवायू मिळतो आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. पाणी साचलं असेल तर प्राणवायू संपतो आणि मिथेनही तयार होतो.

तळं इथेच महत्त्वाचं ठरतं. काही ठिकाणी जमिनीत बर्फाच्या जाड पाचरी असतात. त्या वितळल्या की वरची माती खचते आणि खड्ड्यात पाणी भरतं. पाणी उन्हाळ्यातली उष्णता धरून ठेवतं. तळं पुरेसं खोल झालं की हिवाळ्यात वर बर्फ धरतो, पण तळाशी पाणी द्रवच राहतं. मग खालची जमीन बाराही महिने वितळत जाते आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करतो. तळाच्या चिखलातून मिथेन हळूहळू झिरपत वर आला, तर वाटेतले दुसरे जिवाणू त्यातला बराचसा खाऊन टाकतात. बुडबुड्यांमधून आलेला मात्र त्यांच्या हाती न लागता थेट हवेत जातो. म्हणून वॉल्टर अँथनी आणि सहकाऱ्यांनी सैबेरियातल्या तळ्यांच्या नव्या, पारदर्शक बर्फात अडकलेले बुडबुडे मोजले. २००६ साली त्यांनी दाखवलं, की या तळ्यांतून आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पट मिथेन निघतो. काही बुडबुड्यांतला कार्बन तर ३५ हजार वर्षांहून जुना होता.

त्या एका तळ्यापुरता हा टिपिंग पॉइंटच आहे. एकदा खचलेली जमीन थंडी पडली म्हणून पूर्ववत होत नाही. पण अख्खा पर्माफ्रॉस्ट एका तापमानाला एकदम कोसळेल का?

कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्या कुणालाही इथे लूपचा गेन आठवेल. गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर नेला की आवाज फिरून फिरून वाढतो आणि कर्कश शिट्टी वाजते. तिथे गेन १ च्या पुढे गेलेला असतो. त्याच्या खाली असेल तर आवाज थोडा वाढून स्थिरावतो.

पर्माफ्रॉस्टचा गेन काढून पाहू. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार, तापमानाच्या दर एका अंश वाढीमागे २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडेल. मिथेनचा परिणाम त्याच मापात मोजला तर आणखी सुमारे ३ अब्ज टन. म्हणजे साधारण २१. त्याच अहवालात १,००० अब्ज टन कार्बनमागे सुमारे १.६५ अंश वाढ दिली आहे. २१ ला १.६५ ने गुणून १,००० ने भागलं की येतात ०.०३ अंश. मूळच्या एका अंशावर ०.०३ ची भर, त्या भरीवर तिच्या तीन टक्के, आणि पुढची भर नगण्य. शिट्टी वाजत नाही.

या हिशेबाला मर्यादा आहेत. १८ हा मधला अंदाज, खरी व्याप्ती ३ ते ४१. अशी अचानक खचणारी तळी बहुतेक मॉडेल्समध्ये धरलेलीच नाहीत. शिवाय वितळणं २१०० ला थांबत नाही. पण आकडा दुप्पट-तिप्पट केला, तरी तो १ च्या जवळपास जात नाही. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या टिपिंग पॉइंट्सच्या आढाव्यातही अचानक खचणं हे प्रादेशिक पातळीवरचं मानलं आहे, आणि सावकाश वितळण्याला ठरावीक उंबरठाच नाही असं म्हटलं आहे.

उंबरठा नाही हे ऐकून बहिणीला हायसं वाटलं. पण त्याचा दुसरा अर्थही मी तिला सांगितला. इथे ‘एवढ्यापर्यंत चालेल’ अशी सुरक्षित रेषाही नाही. प्रत्येक दशांश अंशाला नळ थोडा जास्त उघडतो. याच सरासरी हिशेबाने, तापमानवाढ अर्ध्या अंशाने कमी ठेवली तर या शतकात सुमारे १० अब्ज टन कार्बन जमिनीतच राहतो. आज जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षभरात साधारण तेवढाच कार्बन हवेत सोडतं.