विटाळ

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या घणसोलीच्या घरी करंज्यांचा घाट घातला होता. मी तेरा वर्षांची होते. सकाळीच आईने मला पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसवले आणि बजावले, "चार दिवस कशाला शिवायचे नाही." आत कढईत तेल चुरचुरत होते आणि मी दारातून नुसता वास घेत होते. धाकटा भाऊ माझ्याकडे धावला, तशी आजी ओरडली, "शिवू नको रे तिला, विटाळ होईल!" आदल्या रात्री याच हातांनी मी सारण ढवळले होते.

पुढे कॉलेजात सोयराबाईचे अभंग वाचताना तो शब्द पुन्हा भेटला. सोयराबाई ही मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी, चौदाव्या शतकातली. 'चोख्याची महारी' ही तिची नाममुद्रा. नवरा आणि जात, दोन्ही तिने सहीतच बांधून ठेवली आहेत. तिचे सुमारे साठच अभंग उरले आहेत, पण त्यांतला विटाळावरचा एक मला कधी विसरता आला नाही.

आपल्या भाषेत विटाळ हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरला जाई. घरात तो बाईच्या मासिक पाळीचा, गावात तो खालच्या मानलेल्या जातीच्या स्पर्शाचा. सोयराबाईला दोन्ही लागू होते, आणि तिने एकाचे उत्तर दुसऱ्यातून काढले. देह विटाळलेला असे सगळे म्हणतात. बरे, पण हा विटाळ देहातच जन्मतो, आणि त्याच्यावाचून जगात एकही देह घडत नाही. मग सोवळा कोण? 'मीही शुद्ध आहे,' अशी विनवणी तिने केली नाही. बाईला ज्या कारणाने कोपऱ्यात बसवायचे, त्याच कारणातून सोवळे नेसणाराही जन्मला, असाच त्याचा अर्थ होतो.

ते वाचताना पडवीतली मी मला आठवले. पण लगेच ओशाळलेही. माझे चार दिवस संपले की मी न्हाऊन आत जात असे. सोयराबाईचा पाचवा दिवस कधी उजाडलाच नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात झाली, पण महाद्वाराबाहेर. देवळाचे दार दलितांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सोयराबाईच्या प्रश्नाला उत्तर कुणापाशी नव्हते. पण कडी मात्र सहाशे वर्षे लागलेली राहिली.

गेल्या दिवाळीत आम्ही घणसोलीला होतो. भोवती इमारती उठल्या आहेत. घर तेच आहे. करंज्यांच्या वेळी माझी मुलगी हळूच म्हणाली, "आजी, माझी पाळी आली आहे." माझा हात पोळपाटावर थांबला. आईने मान वर न करता लाटणे तिच्याकडे सरकवले.

"हात धुतलेस ना गो? मग लाट."