आधी बोलणं, मग सही

व्हिडिओसाठी लेखी संमती घेताना कागदावर काय लिहायचं, याची चर्चा बरीच होते. सही कधी घ्यायची, याची फारशी होत नाही. मी स्वयंसेवी संस्थांसाठी पाच-सात मिनिटांच्या फिल्म करते. त्या संस्थेच्या यूट्यूब चॅनेलवर जातात, तिथून फेसबुकवर, आणि मग व्हॉट्सअॅपवर कुठेही. या कामातली सर्वसाधारण रीत अशी, की आम्ही गावात पोचलो की कार्यकर्ता सगळ्यांच्या सह्या एकदमच गोळा करतो, हजेरीपटावर घ्याव्यात तशा. मग कॅमेरा सुरू होतो. सोयीचं आहे खरं. पण ज्यावर सही घेतली ते अजून बोललंच गेलेलं नसतं.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या मसाल्याच्या धंद्यावर फिल्म करत होतो. मिरची कांडपाचं मशीन बंद करायला लावून गटातल्या एका वहिनींची मुलाखत घेतली. आधी फक्त तोंडी सांगितलं होतं: हे इंटरनेटवर जाईल, कुणीही बघू शकेल, नको वाटलं तर मध्येच थांबा म्हणा. वहिनी मोकळेपणाने बोलल्या. मशीनसाठी गटातून कर्ज काढलं, हप्ते फेडले. आणि ओघात असंही म्हणाल्या, की पहिलं कर्ज काढलं तेव्हा घरी सांगितलंच नव्हतं, यांना अजून ठाऊक नाही.

फिल्म करणाऱ्याला अशी वाक्यं सोन्यासारखी वाटतात. कागद आधीच भरून घेतलेला असता, तर कायद्याच्या नजरेने माझ्याकडे परवानगी होती असं म्हणता आलं असतं. कागद कोराच होता. मशीनच्या खोलीबाहेर बसून मी त्यांना तेवढा भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला, हेडफोन त्यांच्याच कानाला लावून, कारण आजूबाजूला चार माणसं होती. मग विचारलं, “वहिनी, हे तुमच्या माहेरी, सासरी, गल्लीत, सगळीकडे फोनवर दिसेल. ठेवू का?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बाकीचं ठेवा ताई, पण तेवढं कापा. कर्ज फेडलं, ते राहू द्या.”

तोवर त्यांचे यजमान आले होते. म्हणाले, “आणा, मीच सही करतो तिच्या वतीने.” गावात हे हटकून होतं आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. मी म्हटलं, “दादा, कागदावर ज्याचा चेहरा त्याचीच सही लागते, बँकेत लागते तशी.” बँकेचं नाव काढलं की पटतं. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला दिली. मानही राहिला आणि कागदही शुद्ध राहिला.

कागद म्हणजे एका बाजूचं साधं मराठी पान. स्टॅम्पपेपर मी वापरत नाही, तो पाहून माणसं घाबरतात. आमच्याकडे फिरणारे बरेच नमुने परदेशी करारांवरून उतरवलेले असतात. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असलं एक लांबलचक वाक्य आणि त्याखाली सहीची रेघ. मला ते वाक्य आवडत नाही, कारण सही करणाऱ्याला त्यातलं नेमकं काय दिलं ते सांगता येत नाही. माझ्या पानावर वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकापुढे हो-नाहीची चौकट. चेहरा दाखवू का? नाव लिहू का? गावाचं नाव लिहू का? संस्थेच्या चॅनेलवर टाकू का? वर्गणीच्या जाहिरातीत वापरू का? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच बायका नाही म्हणतात. फिल्ममध्ये दिसायला हरकत नसते, पण आपल्या चेहऱ्यावर कुणी पैसे मागावेत हे त्यांना नको असतं. एकाच रेघेवर सही घेतली असती तर हा फरक कळलाच नसता. सगळ्यात खाली, काढून टाकायचं असेल तर कुणाला फोन करायचा, तो नंबर. या पानाची एक प्रत त्यांच्याकडे राहते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची कल्पना याच वाटेने नेली आहे. संमती मुक्त, विशिष्ट उद्देशापुरती आणि माहिती देऊन घेतलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं हवं.

गटात एक आजी होत्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा वेळी पान मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि वाचणारा शक्यतो संस्थेचा माणूस नसावा. गटाची सचिव चालते, नाहीतर घरची शिकलेली सून. आजींनी अंगठा उठवला. शेजारी ‘निशाणी अंगठा’ लिहून त्यांचं नाव घातलं, आणि वाचून दाखवणारीने साक्षीदार म्हणून तसं नमूद करून सही केली. शिवाय हे वाचून दाखवणं आणि आजींचं ‘हो’ मी कॅमेऱ्यावरही घेते. अंगठ्यावरून तो कुणाचा हे मला सांगता येणार नाही, आवाजावरून येतं.

मुलांचं वेगळं. त्याच फिल्ममध्ये शाळेच्या पटांगणात दोन मुली मसाल्याच्या पुड्यांवर लेबल लावताना छान दिसत होत्या. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण ती शाळेच्या आवारात कॅमेरा आणण्याची. मुलींच्या चेहऱ्याची परवानगी ते देऊ शकत नाहीत. 1872 च्या करार कायद्याखाली अज्ञानाने केलेला करार टिकत नाही, आणि नव्या कायद्यातही अठराच्या आतलं मूल म्हणजे मूलच. सही आईची किंवा वडिलांची हवी, शिवाय मुलीलाही विचारायचं. एकीची आई शेतात भेटली, दुसरीचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. दुसरीचे फक्त हात फिल्ममध्ये आहेत.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच पुढे वाचवतं. एका गावात एकाच आडनावाची दहा माणसं असतात. नुसत्या नावावरून कोणता कागद कुणाचा हे महिन्याभरात कळेनासं होतं. म्हणून सही झाली की माणसाने कागद छातीशी धरलेला एक फोटो काढते, आणि कागदाच्या कोपऱ्यात क्लिपचा नंबर लिहिते, C0047 असा. संकलनाच्या वेळी ज्याच्या नंबरापुढे कागद नाही ती क्लिप टाइमलाइनवर येतच नाही. बाजाराच्या लांबून घेतलेल्या दृश्यात, जिथे कुणी ओळखू येत नाही, तिथे मी कागद मागत फिरत नाही. पण कॅमेरा एका भाजीवालीवर थांबला की तिला विचारायलाच हवं.

आणि फोन येतात. लग्न ठरलं, नोकरी बदलली, घरात भांडण झालं, आता आमचं काढा. यूट्यूबवर चढलेली फिल्म त्याच लिंकवर बदलून टाकता येत नाही, पण यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो, चेहरा धूसर करता येतो. लिंक आणि बघणाऱ्यांचा आकडा तोच राहतो. संस्थांना हे सांगितलं की त्यांची निम्मी कुरकुर थांबते. व्हॉट्सअॅपवर पुढे गेलेली प्रत मात्र कुणालाच परत आणता येत नाही, आणि हे वाक्य माझ्या पानावर ठळक अक्षरात आहे. ते वाचून काही जण सही करत नाहीत. हरकत नाही.

तुमच्यापुढेही कधी असा कागद येईल, मुलाच्या शाळेत, सोसायटीत, एखाद्या शिबिरात. त्यावर दोन गोष्टी शोधा: व्हिडिओ कुठे दिसणार, आणि काढायला सांगायचं तर फोन कुणाला करायचा. त्या नसतील तर सही करू नका, आणि बोलून होण्याआधी तर मुळीच करू नका.