पडद्यावरील चमक आणि हाताशी असलेला अवधी

डोळ्याच्या पोकळीचा मोठा भाग काचाभ द्रव या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो. त्याचे आकारमान साधारण 4 मिलिलिटर असून त्यात 98 टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि उरलेल्या अत्यल्प भागातील कोलॅजेनचे सूक्ष्म तंतू व हायलुरोनिक आम्ल या पदार्थाला त्याचा घट्टपणा देतात. या द्रवाच्या मागे डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखे दृष्टिपटल असते. व्यवहारात त्यालाच डोळ्याचा पडदा म्हणतात. तारुण्यात काचाभ द्रव या पडद्याला सर्वत्र चिकटलेला असतो, परंतु वय वाढत जाते तसतसा तो पातळ होऊन आकसतो आणि बहुतेकांमध्ये पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान पडद्यापासून सुटून पुढे येतो. ज्यांना मोठ्या उणे नंबरचा चष्मा आहे किंवा ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांच्यात ही घटना तुलनेने लवकर घडते.

अचानक दिसणारी चमक आणि नव्याने तरंगू लागलेले ठिपके ही बहुधा या सुटण्याचीच लक्षणे असतात. सुटताना द्रव जिथे अजून चिकटलेला असतो तिथे पडदा ओढला जातो, आणि पडद्यातील पेशींना कोणतीही उत्तेजना केवळ प्रकाशाच्याच रूपात कळत असल्याने ही ओढ मेंदूपर्यंत प्रकाश म्हणूनच पोहोचते. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत डोळा किंवा मान वळवताच नजरेच्या कडेला क्षणभर कमानीसारखी वीज चमकल्याचा भास होतो. तरंगणारे ठिपके, ज्यांना फ्लोटर्स म्हणतात, ते मात्र खऱ्या वस्तूंच्या सावल्या असतात. द्रवातील गोळा झालेले तंतू, दृष्टिमज्जेच्या मुखापासून सुटलेले कडे किंवा रक्ताचे कण प्रकाशाच्या वाटेत येतात, त्यांची सावली पडद्यावर पडते आणि डोळा हलला की तीही हलते.

बहुतेक व्यक्तींमध्ये हा द्रव पडद्याला इजा न करता सुटतो, परंतु काहींच्या बाबतीत पडद्याच्या कडेला एखाद्या ठिकाणी तो इतका घट्ट चिकटलेला असतो की सुटताना पडद्याचा लहानसा तुकडा उचलून नेतो आणि तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची फाट तयार होते. नव्याने चमक वा ठिपके दिसू लागलेल्या साधारण दर सात-आठ रुग्णांपैकी एकाच्या डोळ्यात अशी फाट आढळते, आणि ठिपक्यांसोबत डोळ्यात रक्तस्राव झालेला असेल तर हे प्रमाण पुष्कळ वाढते. फाटीला जोडलेला तुकडा ओढला जात राहतो, पातळ झालेला द्रव फाटीतून पडद्यामागे शिरतो, आणि ओल शिरलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटत जावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटू लागतो. पडदा सुटण्याचे मूळ कारण ही फाटच असते आणि ती बंद केल्याशिवाय उपचार यशस्वी होत नाही, हे लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. त्यापूर्वी या विकाराचा परिणाम जवळजवळ नेहमीच अंधत्वात होत असे.

हा विकार तातडीचा का ठरतो, याचे उत्तर पडद्याच्या पोषणात आहे. प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशींना प्राणवायू व पोषण मुख्यतः मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून मिळते. पडदा त्या थरापासून सुटला की हा पुरवठा तुटतो आणि पेशी हळूहळू मरू लागतात. वाचन, चेहरे ओळखणे आणि बारीक काम या सर्व गोष्टी पडद्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदू या लहानशा भागावर अवलंबून असतात. पीतबिंदू जागेवर असताना शस्त्रक्रिया झाली तर पूर्वीची दृष्टी टिकण्याची शक्यता फार मोठी असते, पण तोही सुटल्यानंतर पडदा उत्तम रीतीने बसवला तरी दृष्टी पूर्ववत होईलच असे नाही. पडद्याला वेदना जाणवत नाही, डोळा लाल होत नाही आणि पीतबिंदूपर्यंत पाणी पोहोचेपर्यंत तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. त्यामुळे रुग्णाला थांबण्यात काही गैर वाटत नाही.

उदाहरणादाखल उणे 6 नंबरचा चष्मा असलेली, 56 वर्षांची एक काल्पनिक गृहिणी घेता येईल. धनत्रयोदशीच्या रात्री तिला उजव्या डोळ्याच्या कडेला चमक दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डोळ्यासमोर काजळी उडाल्यासारखे असंख्य बारीक काळे ठिपके येतात. त्याच दिवशी ती नेत्रतज्ज्ञाकडे गेली, तर थेंब घालून बाहुली मोठी केली जाते आणि डोक्यावर बसवलेल्या उपकरणाने, डोळ्याला बाहेरून हलकेच दाब देत, पडदा अगदी कडेपर्यंत तपासला जातो. वरच्या बाहेरील बाजूस फाट सापडते, पण तिच्याभोवती अद्याप पाणी शिरलेले नसते. म्हणून बाह्यरुग्ण विभागातच फाटीभोवती लेसरच्या तीन रांगा दिल्या जातात, ज्यांच्या व्रणामुळे पडदा मागच्या थराला चिकटतो. हा चिकटा पक्का होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. लेसरने ठिपके जात नाहीत, आणि या काळात नवी लक्षणे दिसल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

तीच गृहिणी भाऊबीज आटोपल्यावर दाखवू असे ठरवून थांबली, तर वरच्या बाजूचे पाणी गुरुत्वाने खाली उतरत जाते आणि तिला नाकाच्या बाजूने, खालून वर चढणारी काळी सावली दिसू लागते, कारण पडद्यावरील प्रतिमा उलटी असल्याने वरचा भाग सुटला की दृश्याचा खालचा भाग हरवतो. आता केवळ लेसर पुरेसा नसतो. काचाभ द्रव काढून आत वायू भरणे किंवा डोळ्याभोवती बाहेरून पट्टा बसवणे यांसारखी शस्त्रक्रिया लागते. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा मधोमध धूसरपणा आला, तर पाणी पीतबिंदूपर्यंत पोहोचल्याचे ते चिन्ह असू शकते.

प्रत्येक चमक पडद्यातूनच येते असे नाही. अर्धशिशीत दिसणारी नागमोडी, चमचमती रेषा बहुधा दोन्ही डोळ्यांनी दिसते, हळूहळू पसरते आणि साधारण अर्ध्या तासात विरते. एकेक डोळा झाकून पाहिल्यास हा फरक पुष्कळदा लक्षात येतो. वर्षानुवर्षे दिसणारे, न बदललेले दोन-चार ठिपकेही तातडीचे नसतात. मात्र फाट आहे की नाही हे लक्षणांवरून ठरवता येत नाही, ते केवळ तपासणीतून कळते. पहिली तपासणी निर्दोष असली तरी थोड्या रुग्णांमध्ये फाट पुढील काही आठवड्यांत पडते, म्हणून बहुधा महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलावले जाते.

त्यामुळे नवी चमक किंवा ठिपक्यांचा नवा थवा दिसल्यास शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तपासणी व्हावी आणि सावली दिसू लागल्यास तेवढाही विलंब नसावा. चष्म्याच्या नंबरची तपासणी पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वेळ मागतानाच लक्षणे कोणत्या डोळ्यात आणि केव्हा सुरू झाली हे सांगून बाहुली मोठी करून पडदा तपासण्याची मागणी करावी आणि त्यानंतर काही तास दृष्टी धूसर राहत असल्याने वाहन चालवण्यासाठी कोणाला तरी सोबत न्यावे.