पाच दिवसांचे परिपत्रक

शाळेच्या कार्यालयात परिपत्रकांची एक जाडजूड धारिका आहे. सहल, गणवेश, वसतिगृहातील भेटीचे दिवस असे विषय तिच्यात वर्षानुवर्षे तेच आढळतात. त्या पानांमध्ये दीड पानांचे एक परिपत्रक आहे. मुख्याध्यापकांनी ते दहावीच्या पालकांसाठी काढले आणि आम्हा शिक्षकांना समोर बसवून त्याचा मसुदा चार वेळा बदलला. विषय रुक्ष होता : उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत आल्यावर पुनर्मूल्यांकनाची मागणी शाळा कशी हाताळील. तरीही स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा आम्हाला तेच आठवले. कारण ते आमच्या एका चुकीतून जन्मले होते.

आदल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. राज्य मंडळाच्या नियमाप्रमाणे आधी छायाप्रत घ्यावी लागते. ती हाती आल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा असतो. अर्ज भरताना तिच्या घरी कोणाचाच ई-मेल नव्हता, म्हणून गावातील संगणक केंद्राच्या चालकाचा पत्ता टाकला गेला. ते कोणी केले हे विचारण्यात अर्थ नाही. अर्ज आमच्या नजरेखालून गेला होता. प्रत आली आणि त्या पेटीत पडून राहिली. आम्ही ती उघडली तेव्हा मुदत संपली होती. एका प्रश्नावर गुण दिलेलेच नव्हते. मुलगी काही बोलली नाही. तिची आई एवढेच म्हणाली, "सर, आमच्याकडून काही राहिलं का?" राहिले होते ते आमच्याकडून.

म्हणून परिपत्रकाचे पहिले वाक्य ई-मेलविषयी होते. अर्जात पालकांचा किंवा घरातील जाणत्या माणसाचा चालू पत्ता असावा. तो नसेल तर शाळेचा द्यावा, आणि शाळेच्या पत्त्यावर आलेली प्रत त्याच दिवशी नोंदवहीत चढवून पालकांना दूरध्वनीने कळवली जाईल. आमची मुले निकालाच्या वेळी वसतिगृहात नसतात, गावोगावी पांगलेली असतात. त्यामुळे पाच दिवसांतले दोन दिवस निरोप पोहोचण्यातच जाण्याची भीती होती.

दुसरा मुद्दा शब्दांचा होता. पालक 'फेरतपासणी' हा एकच शब्द वापरत. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर गुणांविना राहिले का एवढेच पाहतात. तिला विषयाला ५० रुपये पडत. छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये. पुनर्मूल्यांकनात उत्तरे पुन्हा तपासली जातात, म्हणून गुण वाढतील, तसेच राहतील किंवा कमीही होतील, हे परिपत्रकात ठळक अक्षरांत होते. नापास झालेल्या मुलाने मात्र या निकालाची वाट न पाहता पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून ठेवावा, असेही त्याखाली लिहिले होते.

तिसरा मुद्दा आमच्या कामाचा. आलेली प्रत दोन शिक्षक वाचतील. त्यांपैकी एकाने त्या मुलाला शिकवलेले नसावे. प्रश्न क्रमांक, मिळालेले गुण, अपेक्षित गुण आणि कारण असे चार रकाने भरून अभिप्राय लेखी द्यायचा. अभिप्राय तीनच प्रकारचे : आधार आहे, आधार नाही, मतभेद संभवतो. निबंधाला पाचाऐवजी सहा गुण हवे होते, हा मतभेद झाला. तपासलेच न गेलेले उत्तर, हा आधार. पहिल्या मसुद्यात 'आधार नसल्यास शाळा अर्ज पुढे पाठवणार नाही' असे वाक्य होते. मुख्याध्यापकांनी ते खोडले. "सल्ला आपला, निर्णय त्यांचा," एवढेच ते म्हणाले.

त्या वर्षी पहिली प्रत भूमितीची आली. चाळीस गुणांच्या या पत्रिकेत चौथ्या प्रश्नातील कोणतेही दोन उपप्रश्न प्रत्येकी चार गुणांसाठी सोडवायचे असतात. मुलीने पहिला मुख्य उत्तरपत्रिकेत सोडवला, दुसरा सुरू करून खोडला आणि पुरवणीवर नव्याने केला. पहिल्याला पूर्ण चार गुण होते, खोडलेल्या मजकुरापुढे शून्य होते, पुरवणीच्या पानावर मात्र तपासनिसाची एकही खूण नव्हती. मुखपृष्ठावरील चौथ्या प्रश्नाच्या चौकटीतही चारच होते. दोन्ही जागा एकमेकींशी जुळत होत्या, म्हणजे बेरीज बरोबर होती आणि उत्तरच नजरेतून सुटले होते.

अडचण वेगळीच निघाली. ते उत्तर समरूप त्रिकोणाच्या रचनेचे होते, आणि रचना पेन्सिलीने काढतात. स्कॅनमध्ये शाई स्पष्ट उमटते, शिसाची रेघ पुसट होते. पडद्यावर त्रिकोणाच्या बाजू दिसत होत्या, कंपासचे कंस जवळजवळ दिसतच नव्हते. घाई केली असती तर रचना अपुरी आहे असेच आम्ही लिहिले असते. प्रत मोठी करून, पडदा गडद करून पाहिल्यावर कंस सापडले. प्रतीत दिसत नाही ते मूळ कागदावर नाही असे समजू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. एक बाजू मापात चुकली होती, म्हणून अपेक्षित गुण चार न लिहिता तीन लिहिले. मंडळाने तीनच वाढवले. गणिताचे ७१ होते ते ७४ झाले, सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज ४१२ वरून ४१५ वर गेली आणि टक्केवारी ८२.४० ची ८३ झाली.

सर्वोत्तम पाच विषयांचा हा हिशोब दुसऱ्या एका पालकांना सांगताना मात्र जीभ जड झाली. गवंडीकाम करणारे ते गृहस्थ मुलाच्या विज्ञानाचे गुण वाढवून घ्यायला आले होते. मुलाला विज्ञानात ६१ होते आणि उरलेल्या पाचही विषयांत ७४ किंवा त्याहून अधिक. टक्केवारी पाचच विषयांवर निघते. विज्ञान सहावे ठरत होते. तिथे दहा गुण वाढले तरी टक्केवारी जागची हलणार नव्हती. आम्ही कागदावर बेरीज मांडून दाखवली आणि ७०० रुपये वाचवा म्हटले. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, पैशाचं सोडा. पोराला असं वाटू नये की बापानं पाहिलंच नाही."

त्यांनी ४०० रुपये भरून छायाप्रत मागवली. ती आली तेव्हा बापलेक दोघेही शाळेत आले. विज्ञानाच्या सरांनी त्यांना पानापानाने वाचून दाखवली. कुठे आकृतीला नावे दिली नव्हती, कुठे एकक लिहिले नव्हते, कुठे कारण विचारले असता नुसती व्याख्या होती. गुण योग्यच दिलेले होते. मुलाने प्रत मिटली आणि पुढचा अर्ज नको म्हणाला. अभिप्रायात आम्ही 'आधार नाही' लिहिले. वडिलांनी त्याखाली सही केली.

पुढील वर्षी मुख्याध्यापकांनी परिपत्रकात एक वाक्य वाढवले : पुनर्मूल्यांकन करायचे नसले तरी उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क पालकांना आहे, आणि ती समजावून सांगण्यासाठी शाळा वेळ देईल. धारिकेतल्या प्रतीवर ते वाक्य अजून त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. त्या पहिल्या मुलीचे नाव परिपत्रकात कुठेही नाही. प्रत आलेल्या दिवसाची नोंद करणारी वही मात्र तेव्हापासून दर जूनमध्ये आमच्या टेबलावर उघडी असते.